बदलीचा आदेश हातात पडल्यावर: मॅटच्या पायऱ्या पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, पहिल्यांदा येणारा कर्मचारी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: “साहेब, हे कोर्टच ना?” उत्तर हो आणि नाही, असं दोन्ही आहे. खटला चालतो, साक्षीपुरावा घेता येतो, आदेश बंधनकारक असतो, अवमानाची कारवाई करण्याचाही अधिकार आहे. पण समोर बसलेल्या दोघांपैकी एकजण सहसा न्यायाधीश नसून आयुष्यभर फायली हाताळलेला अधिकारी असतो, आणि इथल्या आदेशावर रूढ अर्थाने अपीलच नाही. हे दोन मुद्दे ज्याला कळले नाहीत, तो अर्ज नीट लिहूनही पुढे फसतो. म्हणून बदलीचं एक प्रकरण धरून शेवटपर्यंत जाऊ. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक नायब तहसीलदार, गट ब. मे महिन्याच्या शेवटी तालुक्याला रुजू झाले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दीड वर्षात, बदलीचा आदेश आला. कारणाच्या जागी दोनच शब्द होते: “प्रशासकीय कारणास्तव”. त्यांच्या जागी कोण येणार तेही त्याच आदेशात होतं.

पहिलं काम: हे दार आपलं आहे का?

मॅट ८ जुलै १९९१ रोजी सुरू झालं. मुख्य पीठ मुंबईत, आणखी दोन पीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आधार आहे प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चा. राज्य शासनाच्या नागरी सेवेतले कर्मचारी इथे येतात, पोलीसही येतात. मात्र आयएएस किंवा आयपीएस अधिकारी राज्यात काम करत असला तरी त्याचं दार केंद्रीय न्यायाधिकरणाचं, म्हणजे कॅटचं. जिल्हा परिषदेचा कर्मचारी थेट उच्च न्यायालयात जातो. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फ केलं तर त्याच्यासाठी शाळा न्यायाधिकरण वेगळं आहे, आणि तिथली मुदत अवघी तीस दिवसांची आहे. न्यायालयांतले कर्मचारी आणि विधिमंडळ सचिवालयातले कर्मचारी या कायद्याच्या बाहेरच ठेवले आहेत.

चुकीच्या दारात गेलेला माणूस लगेच हाकलला जातो असं नाही, खरी पंचाईत तिथेच आहे. अर्ज दाखल होतो, दोन-तीन तारखा पडतात, मग समोरचा पक्ष अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो. तोवर जागेवर दुसरा माणूस रुजू होऊन मोकळा झालेला असतो.

आमचे नायब तहसीलदार राज्य शासनाचे, त्यामुळे दार बरोबर होतं. त्यांनी विचारलं, “सरळ हायकोर्टात गेलो तर?” नाही जाता येत. का ते पुढे सांगतो, कारण अपिलाची सगळी कथा त्याच उत्तरात दडली आहे.

मुदतीचं गणित

कायद्याचं कलम २० म्हणतं की सेवानियमांत उपलब्ध असलेले उपाय आधी वापरून या. नाहीतर अर्ज “सामान्यतः” दाखल करून घेतला जाणार नाही. कलम २१ म्हणतं की अंतिम आदेशापासून एका वर्षात या. तुम्ही अपील किंवा निवेदन दिलं आणि त्यावर काहीच निर्णय आला नाही, तर सहा महिने थांबायचं आणि त्यापुढे एक वर्ष मोजायचं. समजा, बढतीच्या तक्रारीचं अपील १ मार्च २०२४ ला दिलं आणि उत्तर आलं नाही. ऑगस्टअखेर सहा महिने संपतात. तिथून पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेरपर्यंत अर्ज यायला हवा. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि खरं कारण लागतं.

इथे सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे स्मरणपत्रांची माळ. पहिलं निवेदन २०१९ चं, मग दर सहा महिन्यांनी एक स्मरणपत्र, आणि २०२४ मध्ये उत्तर येतं, “आपली विनंती मान्य करता येत नाही”. माणूस समजतो की आता नवीन तारीख मिळाली. मिळत नाही. जुन्या मेलेल्या दाव्याला पत्रोत्तराने जीव येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

बदलीत मात्र अडचण उलटी असते. वर्षाची मुदत कागदावर असते, हातात असतात दोन-चार दिवस. एकदा कार्यमुक्त केलं आणि जागी दुसरा बसला, की स्थगिती मिळणं फार अवघड होतं. आमच्या अधिकाऱ्यांनी निवेदन दिलं, त्याची पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी अर्ज दाखल केला. “सामान्यतः” हा शब्द इथे कामाला येतो. बदलीविरुद्ध नियमांत ठरलेलं अपील नाही आणि वाट पाहिली तर अर्जच निरर्थक होईल, असं अर्जात स्पष्ट लिहायचं.

अर्जात काय असतं

याला मूळ अर्ज म्हणतात, बोलीत “ओ.ए.”. नमुना ठरलेला आहे: कोणत्या आदेशाविरुद्ध, अधिकारक्षेत्र, मुदत, वस्तुस्थिती, उपाय वापरले का, हाच विषय दुसऱ्या न्यायालयात प्रलंबित नाही याची घोषणा, अंतिम मागणी, अंतरिम मागणी. वकील लावणं सक्तीचं नाही, स्वतःही बाजू मांडता येते. शासनाच्या बाजूने सादरकर्ता अधिकारी उभा राहतो, त्याला सगळे “पी.ओ.” म्हणतात.

बदलीच्या प्रकरणात मन मोकळं करण्याचा मोह आवरा. मुलाची दहावी, आईचं आजारपण, आमदारांशी झालेला खटका हे सगळं लिहावंसं वाटतं. पण प्रकरण उभं राहतं ते बदल्यांच्या २००५ च्या राज्य अधिनियमावर. त्यात पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा आहे. बदल्या एप्रिल-मेमध्ये करायच्या. त्याआधी किंवा मध्येच करायची असेल, तर कारणं लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. म्हणजे प्रश्न दोनच: कारण लिहिलं आहे का, आणि मान्यता आदेशाच्या आधीची आहे का? आमदाराचं नाव घ्यायचंच असेल तर पत्राची प्रत हातात असू द्या. द्वेषबुद्धीचा आरोप ज्याच्यावर करता, त्याला नावानिशी प्रतिवादीही करावं लागतं.

आणखी एक प्रतिवादी लोक हमखास विसरतात: तुमच्या जागी ज्याला पाठवलं आहे तो. त्याला न ऐकता त्याची नेमणूक रद्द होऊ शकत नाही. शासन हा मुद्दा दुसऱ्या तारखेला काढतं, आणि दुरुस्ती करण्यात आठवडा जातो.

अंतरिम स्थगितीसाठी १९८५ च्या कायद्याचं कलम २४ नीट वाचा. समोरच्याला अर्जाची प्रत देऊन म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय अंतरिम आदेश देता येत नाही. अगदीच तातडी असेल तर कारणं नोंदवून एकतर्फी आदेश देता येतो, पण ही अट पूर्ण झाली नाही तर तो चौदा दिवसांत आपोआप गळतो. म्हणून दाखल करण्याआधीच पी.ओ.च्या कार्यालयात प्रत देऊन शिक्का घ्या. आमच्या प्रकरणात हा शिक्का होता, त्यामुळे पहिल्याच तारखेला पी.ओ.ला “प्रत मिळाली नाही” म्हणता आलं नाही. सदस्यांनी विचारलं, “कार्यमुक्त केलं आहे का?” नव्हतं. “जैसे थे” आदेश मिळाला.

समोर बसलेले कोण, आणि ते तिथे कसे आले

पीठात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य, ही मूळ रचना. बदल्यांसारखी प्रकरणं बहुधा एकल सदस्यापुढे चालतात. दोघांत मतभेद झाला तर मुद्दे लिहून प्रकरण अध्यक्षांकडे जातं आणि तिसऱ्याच्या मताने बहुमत ठरतं.

प्रशासकीय सदस्य म्हणजे बहुतेक वेळा निवृत्त ज्येष्ठ अधिकारी. नवख्याला हे खटकतं: सरकारविरुद्धची तक्रार सरकारच्याच माजी अधिकाऱ्यापुढे? माझा अनुभव संमिश्र आहे. टिप्पणी कशी लिहिली जाते आणि कुठे मागाहून घुसडली जाते, हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वकिलापेक्षा चांगलं कळतं. एका सुनावणीत मूळ नस्ती चाळताना प्रशासकीय सदस्यांनी पानांच्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि पी.ओ.ला विचारलं, “४७ नंतर ४७-अ कसं आलं?” आमच्या कोणाच्या लक्षात ते आलं नव्हतं. उलट, “प्रशासनाला थोडी मोकळीक हवीच” हा सूरही त्याच खुर्चीतून ऐकला आहे.

सदस्याने पूर्वी सचिव म्हणून तुमच्याच विषयाची नस्ती हाताळली असेल, तर पहिल्याच तारखेला नम्रपणे सांगा आणि प्रकरण दुसऱ्या पीठापुढे ठेवण्याची विनंती करा. निकाल विरुद्ध गेल्यावर हा मुद्दा काढणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

आता नेमणूक. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३२३-अ आणि ३२३-ब आले. सेवाविषयक वाद उच्च न्यायालयातून काढून न्यायाधिकरणांकडे देता येतील, अशी वाट त्यातून झाली. १९८५ च्या कायद्याने ती वापरली. तेव्हा संपतकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिलं: उच्च न्यायालयाची जागा घ्यायची असेल तर नवी यंत्रणा तितकीच परिणामकारक हवी आणि तिच्या नेमणुकांवर केवळ सरकारचा हात नको. गेल्या चाळीस वर्षांतला सगळा झगडा या एका अटीभोवती फिरला आहे.

राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणासाठी निवड समिती कशी असते ते पाहा. २०२१ च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्याप्रमाणे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, आणि निर्णायक मत त्यांचं. सदस्यांत राज्याचे मुख्य सचिव, राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष आणि न्यायाधिकरणाचे अध्यक्ष किंवा उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती यांच्यापैकी एक. सामान्य प्रशासन विभागाचे सचिव बसतात, पण त्यांना मत नाही. आता तुमच्या अर्जाचं पहिलं पान उघडा. कित्येक अर्जांत पहिला प्रतिवादी असतो “महाराष्ट्र शासन, मुख्य सचिवांमार्फत”. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, तोच दाद देणाऱ्याच्या निवडीत एक मत देतो. मुख्य न्यायमूर्तींचं निर्णायक मत म्हणूनच महत्त्वाचं आहे. ते काढलं तर रचना एका बाजूला कलंडते.

दुसरा वाद कार्यकालाचा. सदस्याची मुदत चारच वर्षांची असेल आणि फेरनेमणूक सरकारच्या हाती असेल, तर शेवटच्या वर्षात त्याच्या मनावर दडपण येणारच नाही, असं म्हणणं धाडसाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पाच वर्षांचा कार्यकाल सांगितला. सरकारने वटहुकमाने चार केला आणि किमान वय पन्नास ठेवलं, म्हणजे तरुण वकिलांना दार बंद. जुलै २०२१ मध्ये न्यायालयाने ते रद्द केलं. पुढच्याच महिन्यात संसदेने जवळपास त्याच तरतुदी कायदा म्हणून पुन्हा आणल्या. १९ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या पुन्हा रद्द केल्या, आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करण्यासाठी केंद्राला चार महिने दिले.

अर्जदाराला या भांडणाची झळ तारखेतून लागते. नेमणुका अडल्या की खुर्च्या रिकाम्या राहतात. दोन सदस्यांपुढचं प्रकरण एकच सदस्य असल्याने पुढे ढकललं जातं. दाखल करण्याआधी आपल्या पीठावर सध्या किती सदस्य बसतात आणि आपलं प्रकरण एकल सदस्यापुढे चालू शकतं का, एवढं वकिलाला विचाराच.

सुनावणीत काय निघालं

शासनाचं प्रतिज्ञापत्र आलं. त्यात पहिल्यांदाच एक कारण दिसलं: “जनतेच्या तक्रारी”. आदेशात ते नव्हतं. तक्रारीची प्रतही जोडलेली नव्हती. आम्ही मूळ नस्ती मागवण्याची विनंती केली. नस्तीत बदल्यांची शिफारस करणाऱ्या नागरी सेवा मंडळाचं इतिवृत्त होतं, त्यात आमच्या अधिकाऱ्यांचं नावच नव्हतं. वरच्या प्राधिकाऱ्याची सही होती, पण तारीख आदेशानंतर सहा दिवसांची.

पूर्वमान्यता आणि कार्योत्तर मान्यता यांतलं अंतर एवढंच असतं, एका तारखेचं. पी.ओ.ने फार ताणलं नाही. बदली रद्द झाली.

इथे हे लक्षात घ्या की न्यायाधिकरणाने “बदली योग्य की अयोग्य” हे ठरवलं नाही. कायद्याने सांगितलेल्या पायऱ्या पाळल्या नाहीत एवढंच म्हटलं. शासनाला पुन्हा नीट पायऱ्या पाळून बदली करायला कोणी अडवत नाही. अशील हे ऐकून नाराज होतात, पण आधी सांगून ठेवलेलं बरं.

विरुद्ध गेलं तर: वर कुठे जायचं

१९८५ च्या कायद्यातलं कलम २८ मूळ स्वरूपात उच्च न्यायालयाचं दार बंद करत होतं. मॅट किंवा कॅटनंतर फक्त सर्वोच्च न्यायालय. तालुक्यातल्या लिपिकाने दिल्ली गाठायची, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. १८ मार्च १९९७ रोजी एल. चंद्रकुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे बदललं. अनुच्छेद २२६ आणि २२७ खालचा उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार संविधानाच्या मूळ चौकटीचा भाग आहे, तो काढून घेता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. न्यायाधिकरणं उच्च न्यायालयाला पूरक राहतील, त्याची जागा घेणार नाहीत. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: सेवाविषयक वादात न्यायाधिकरण हे पहिल्या पायरीचं न्यायालय असेल, ते ओलांडून थेट वर येता येणार नाही. नायब तहसीलदारांच्या प्रश्नाचं उत्तर हे. अपवाद एक आहे. ज्या कायद्याने न्यायाधिकरण जन्माला आलं, त्या कायद्याची वैधता ते स्वतः तपासू शकत नाही. तिथे उच्च न्यायालयच.

तर वाट अशी. मॅटच्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे. हे अपील नव्हे, हे शंभरदा सांगावं लागतं. अपिलात पुरावा नव्याने तोलला जातो. इथे विचारलं जातं की न्यायाधिकरणाने अधिकार ओलांडला का, कायदा चुकीचा लावला का, महत्त्वाचा कागद डोळ्यांआड केला का, किंवा कोणीही शहाणा माणूस काढणार नाही असा निष्कर्ष काढला का. “मॅटला आमचं पटलं नाही” हा याचिकेचा आधार होऊ शकत नाही. मॅटसमोर न मांडलेला कागद इथे नव्याने काढला तर पहिला प्रश्न येतो, “तिथे का नाही दाखवला?” म्हणून वरची लढाई खाली दाखल केलेल्या अर्जातच जिंकायची किंवा हरायची असते.

रिटला कायद्याने ठरवलेली मुदत नाही. तरीही उशीर भोवतोच, आणि बदलीत तर आठवडाही जास्त. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा. आदेशात उघड चूक असेल, एखादी तारीखच चुकीची वाचली असेल, तर मॅटमध्येच फेरविचार अर्ज करता येतो. त्याची मुदत थोडी आणि चौकट त्याहून अरुंद. खंडपीठाच्या निकालानंतर उरतं ते सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका, नव्वद दिवसांत. तिथे अनुमती मिळणं हाच मोठा टप्पा असतो.

इतर न्यायाधिकरणांना हा नकाशा लावू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या निर्णयावर कायद्यानेच थेट सर्वोच्च न्यायालयात अपील दिलं आहे. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील आहे, पण ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतं. तुमच्या न्यायाधिकरणाचा मूळ कायदा उघडा आणि “अपील” या शब्दाचं कलम शोधा. सापडलं नाही, तर वाट रिटची.

आमच्या प्रकरणात वर गेलं ते शासन. रिट दाखल झाली, खंडपीठाने मॅटच्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला, आणि याचिका सुनावणीच्या रांगेत पडून राहिली. नायब तहसीलदार तिथेच काम करत राहिले. तीन वर्षं भरल्यावर त्या मे महिन्यातल्या सर्वसाधारण बदल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं, रीतसर, कार्यकाल पूर्ण म्हणून. काही महिन्यांनी याचिका पुकारली गेली तेव्हा सरकारी वकिलांनीच सांगितलं की आता त्यात काही उरलेलं नाही. दोन ओळींत निकाली निघाली.